शॉवरचा पडदा दर वेळी आत का येतो? आठवीच्या वर्गासाठी दहा मिनिटं आणि घरासाठी ५५ गोट्या

तक्रार घरातूनच आली. सासूबाई आंघोळीला स्टुलावर बसतात. शॉवर सुरू झाला की मिनिटाभरात पडदा हळूहळू आत सरकतो आणि त्यांच्या पाठीला गारढोण चिकटतो. "हे मेलं अंगाला काय लपेटतंय रोज?" हे वाक्य दिवाळीपासून रोज सकाळी ऐकत होते. त्याच सुमारास शाळेच्या विज्ञान मंडळात मला शनिवारी दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय आयता मिळाला म्हणून मीही खूश झाले. 'जोरात वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते' एवढं सांगायचं, कागदावर फुंकर मारून दाखवायची, की काम झालं.

झालं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग टेबलफॅनसमोरचा खिडकीचा पडदा फॅनकडे का येत नाही?" त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढचे दोन आठवडे मात्र बाथरूममध्ये थर्मामीटर आणि उदबत्ती घेऊन काढले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरी पडदा छळतो त्यांना उपाय मिळेल, आणि ज्यांना हाच विषय वर्गात घ्यायचा आहे त्यांचं माझ्यासारखं हसं होणार नाही.

आधी आमच्या बाथरूमबद्दल

नाशिकच्या इंदिरानगरमधला फ्लॅट, इमारतीचा सगळ्यात वरचा मजला. पाण्याची टाकी डोक्यावरच असल्याने शॉवरला जोर नव्हता, म्हणून दिवाळीआधी प्रेशर पंप बसवला. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.) टब नाही. कोपऱ्यात शॉवर, त्याच्यापुढे आडवा रॉड, आणि रॉडवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा, १८० सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घडी करून ठेवला तर वजन ३२० ग्रॅम भरलं. खाली फरशी एक फूट बाय एक फुटाची आहे, त्यामुळे मोजपट्टीची गरजच पडली नाही: 'पडदा अर्धी टाइल आत आला', 'एक टाइल आला' असं वहीत लिहीत गेले.

पहिली तपासणी: पाणी बंद, एग्झॉस्ट फॅन चालू

दोष शोधताना सगळ्यात आधी हे करा, कारण निम्म्या घरांत भानगड इथेच संपेल. दार लावून घ्या, पाणी सोडू नका, फक्त एग्झॉस्ट फॅन एक मिनिट चालवा. फॅन शॉवरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर तो पडद्याच्या आतली हवा बाहेर फेकतो आणि ती जागा भरायला उरलेल्या बाथरूममधली हवा पडद्याखालून आत येते. येताना पडद्यालाही घेऊन येते. तुमचा पडदा एवढ्यावरच हलला तर आंघोळीच्या वेळी फॅन बंद ठेवा आणि नंतर वाफ काढायला लावा. विषय संपला.

आमच्याकडे फॅनने पडदा चार बोटं हलायचा. पण फॅन बंद ठेवूनही सासूबाईंची तक्रार तशीच होती. म्हणून पुढच्या सगळ्या चाचण्या फॅन बंद करून केल्या. तुम्हीही तसंच करा, नाहीतर दोन कारणांची खिचडी होते.

दुसरी तपासणी: गरम पाणी की गार पाणी

सगळ्यात जास्त कळतं ते या चाचणीतून, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गरम पाण्याने आतली हवा तापते. तापलेली हवा हलकी होते, वर चढते आणि पडद्याच्या वरच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडते. तिच्या जागी खालून गार हवा आत शिरते. चुलीच्या धुराड्यात हेच होतं. आतल्या हवेचा स्तंभ हलका असल्यामुळे तळाशी आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, आणि पडद्याची खालची कड आत ओढली जाते. उदबत्ती पडद्याच्या बाहेर, खालच्या कडेपाशी धरली की धूर आत जाताना स्पष्ट दिसतो. वरच्या कडेपाशी धरली तर तो बाहेर येतो.

आता गार पाणी. इथे एक नाशिककरांची अडचण आहे: मे महिन्यात दुपारी 'गार' नळालाही चहा होईल असं पाणी येतं, गच्चीवरची टाकी तापलेली असते. म्हणून ही चाचणी पहाटे करा, थंडीत केली तर उत्तमच. मी जानेवारीत सकाळी साडेसहाला केली. बाथरूमची हवा २१ अंश, पाणी १७ अंश. म्हणजे शॉवरच्या बाजूची हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गारच होणार. धुराड्याचा हिशेब इथे उलटा लागतो. गार हवा जड असते, ती खाली बसते आणि पडद्याखालून बाहेर पडायला बघते. त्या हिशेबाने पडदा बाहेर जायला हवा होता.

पडदा आतच आला. गरम पाण्याच्या वेळेइतका नाही. गरम पाण्याला पूर्ण एक टाइल, म्हणजे ३० सेंटीमीटर येत होता, गारला अर्धी टाइल आला. पण आला आतच. शिवाय त्याचा आकार वेगळा होता. गरम पाण्याला खालची कड आधी आत येते, गारला मधलं पोट आधी आत फुगतं. पातळ पडदा असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. जाड असेल तर सगळा पडदा एकदमच झुलतो आणि काही कळत नाही.

म्हणजे धुराडं हे एक कारण झालं, पण एकटं धुराडं पुरत नाही. तापमानाशी संबंध नसलेलं दुसरं काहीतरी पडद्याला आत ओढतंय.

तिसरी तपासणी: पंप बंद

पंपाला बायपास असेल तर त्याचा कॉक फिरवून नुसत्या टाकीच्या दाबावर तेच गार पाणी सोडा. आमचा पडदा जेमतेम तीन सेंटीमीटर हलला. पंप चालू केला की पुन्हा अर्धी टाइल. म्हणजे दोषी होता थेंबांचा वेग. दिवाळीआधी तक्रार नव्हती आणि नंतर सुरू झाली, त्याचंही उत्तर इथेच मिळालं.

वर्गात आता मी हे असं सांगते

दुसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा खिशात दहा काचेच्या गोट्या घेऊन गेले. पुढचं सगळं साधारण जसं बोलले तसंच लिहिते.

"मुलांनो, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, मुंबईपेक्षा थोडा कमी. म्हणजे तुमच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटीमीटर जागेवर हवा साधारण ९६० ग्रॅम वजनाएवढा जोर लावते आहे. आता माझ्या घरचा पडदा घ्या. त्याच्या एका बाजूवर एकूण जोर किती होईल? तीस टनांपेक्षा जास्त वजनाएवढा. आणि दुसऱ्या बाजूवर?"

"तेवढाच!"

"तेवढाच. म्हणून पडदा शांत लटकतो. आता तो आत येतो तेव्हा या तीस टनांमधला किती फरक पडत असेल? अंदाज सांगा."

एक टन, शंभर किलो, पाच किलो अशी उत्तरं आली. मग फळ्यावर हिशेब केला. लटकणारी वस्तू तिच्या लांबीच्या सहाव्या भागाइतकी बाजूला धरून ठेवायची असेल, तर तिच्या वजनाच्या सहाव्या भागाइतका जोर तिच्यावर सगळीकडे सारखा लावावा लागतो. पडदा १८० सेंटीमीटरचा, आत आला ३० सेंटीमीटर, म्हणजे सहावा भाग. वजन ३२० ग्रॅम, त्याचा सहावा भाग ५३ ग्रॅम. खिशातून दहा गोट्या काढून एका मुलाच्या तळहातावर ठेवल्या. "तीस टन विरुद्ध तीस टन, आणि फरक एवढाच. या दहा गोट्या." गार पाण्याच्या वेळी तर पाचच.

वर्ग गप्प झाला. मला वाटतं, या विषयातली खरी गंमत हीच आहे आणि पहिल्या वेळी मी ती वगळली होती. पडदा 'जोरात ओढला जातो' असं आपण म्हणतो, पण जोर काहीच नसतो. पास्कलमध्ये सांगायचं तर गरम पाण्याला ०.१६ आणि गारला ०.०८. फरशीवरून तुम्ही दीड सेंटीमीटर वर गेलात तर हवेचा दाब ०.१६ पास्कलने कमी होतो, इतकी ही क्षुल्लक गोष्ट आहे. पडदा हलका आणि मोठा असल्यामुळे त्याला ती जाणवते.

"मग हा एवढासा फरक येतो कुठून? पाण्याचे थेंब वेगाने खाली येतात. वाटेत हवा त्यांना अडवते आणि थेंबांचा वेग कमी होतो. थेंबाने गमावलेला वेग जातो कुठे?"

"हवेत."

"बरोबर, हवेला मिळतो. थेंबांबरोबर हवाही खाली ढकलली जाते. तळाशी फरशी आहे, पुढे जायला जागा नाही. म्हणून ती वळते, भिंतीच्या कडेने वर चढते आणि वरून पुन्हा थेंबांच्या वाटेत येते. गोल फिरत राहते. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की तुम्ही बघायला जाता ना? पुलाच्या खांबामागे पाण्यात भोवरे दिसतात. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सगळं नाशिक काठावर असतं, तेव्हा पुढच्या वेळी मारुतीबरोबर भोवऱ्याकडेही बघा. त्याचा मधला भाग खाली गेलेला असतो. बाथरूममध्ये तसाच भोवरा असतो, फक्त हवेचा आणि आडवा पडलेला. त्याचा मधला भाग, म्हणजे डोळा, पडद्याकडे तोंड करून असतो."

मग बादली. अर्धी बादली पाण्यात कागदाचे कपटे टाकले, हाताने दहा-बारा वेळा गोल ढवळलं आणि हात काढून घेतला. मध्ये खळगा पडला, कपटे खळग्याकडे आले.

"गोल फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कोणीतरी सतत मध्याकडे ढकलावं लागतं, नाहीतर ती सरळ निघून जाईल. दोरीला बांधलेल्या दगडाला दोरी ओढते. पाण्याला दोरी नाही, हवेलाही नाही. त्यांना ढकलतो तो दाबातला फरक: बाहेरच्या कडेला दाब जास्त, मध्ये कमी. पाण्यात तो फरक खळगा म्हणून डोळ्यांना दिसतो. हवेत दिसत नाही, पण पडद्याला कळतो."

हवा किती वेगाने फिरत असेल याचाही ढोबळ हिशेब करता येतो. ०.०८ पास्कलचा फरक पडायला भोवऱ्याच्या कडेची हवा सेकंदाला ४० सेंटीमीटरच्या आसपास फिरली तरी पुरे. एवढ्या वेगाने बादलीतलं पाणी फिरवलं तर मधला खळगा पाऊण सेंटीमीटरचा पडतो. मुलांना हे आवडलं, कारण खळगा पट्टीने मोजता येतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट यांनी २००१ मध्ये हेच संगणकावर करून पाहिलं. शॉवरखालच्या जागेचे सुमारे ५० हजार बारीक कप्पे पाडले आणि प्रत्येक कप्प्यात हवेचं आणि थेंबांचं काय होतं याचं गणित लावलं. तीस सेकंदांच्या आंघोळीचं गणित त्यांच्या घरच्या संगणकाला दोन आठवडे पुरलं. उत्तरात हा आडवा भोवरा दिसला. त्याबद्दल त्यांना त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. मानपत्रात 'अंशतः उत्तर' असा शब्द आहे, आणि तो योग्यच आहे. गरम पाणी असेल तर धुराडंही बरोबरीने चालू असतं, हे आमच्या टाइल्सनीही सांगितलं.

माझी पहिल्या वेळची चूक

'वेगवान हवेचा दाब कमी' हे वाक्य डॅनियल बर्नुलीच्या नावावर खपतं. त्याचं 'हायड्रोडायनामिका' १७३८ साली छापलं गेलं. त्याचा नियम खरा आहे, पण त्याला अटी आहेत. एकाच प्रवाहात, एकाच वाटेने जाणाऱ्या हवेची दोन ठिकाणं ताडून पाहायची, आणि वाटेत कोणी बाहेरून ऊर्जा घालता कामा नये. शॉवरमध्ये दोन्ही अटी मोडतात. पडद्याबाहेरची थांबलेली हवा आणि आतली फिरणारी हवा हे एकाच वाटेवरचे दोन मुक्काम नाहीत. शिवाय आतल्या हवेला थेंब सतत ढकलत आहेत. टेबलफॅनची हवा वेगवान असते, पण खोलीत सुटलेल्या त्या झोताचा दाब जवळपास खोलीइतकाच असतो. म्हणून त्या मुलीच्या घरचा पडदा फॅनकडे ओढला जात नाही. वेग आला म्हणजे दाब गेला, असं आपोआप होत नाही. हवा वळायला लागली की वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी होतो, हे मात्र पक्कं.

याची वर्गातली खूण सोपी आहे. कागदाची पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकर मारली की ती वर उचलली जाते, हा प्रयोग सगळे दाखवतात. तिथे कागद आधीच वाकलेला असतो आणि हवा त्या वळणावरून वळते. आता तोच कागद सरळ लटकवा, आणि त्याच्या एका बाजूने, कागदाला समांतर, वरून खाली फुंकर मारा. बर्नुलीचं वाक्य जसंच्या तसं खरं असतं तर कागद झोताकडे झेपावला असता. तो जवळजवळ जागचा हलत नाही. मी आता दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ दाखवते आणि मुलांनाच फरक शोधायला सांगते.

वर्गातला प्रयोग फसतो तो कुठे

बादली गोलच हवी. चौकोनी टबात कोपऱ्यांत पाणी अडतं आणि खळगा पडतच नाही. हात काढल्यावर दहा सेकंदांच्या आत दाखवा, नंतर तो विरतो.

शॉवर वर्गात नेता येत नाही, म्हणून मी झाडांवर पाणी मारायचा स्प्रे वापरते. किराणा दुकानातल्या पातळ पिशवीची हातभर लांब पट्टी कापून लटकवायची, आणि तिच्यापासून चार-पाच सेंटीमीटरवर, पट्टीला समांतर, भराभर पाच-सहा फवारे मारायचे. पट्टी फवाऱ्याकडे झुकते. तो भोवरा नसतो. फवारा आजूबाजूची हवा बरोबर घेऊन जातो, ती जागा भरायला बाजूची हवा सरकते आणि पट्टीला आणते. पण 'थेंब हवेला ओढतात' हे मुलांना पटवायला तेवढं पुरतं. छताचा पंखा बंद करायला विसरलात तर काहीच दिसणार नाही. आणि पट्टी ओली झाली की बदला, जड झालेली पट्टी हलत नाही. स्प्रेची नळी बारीक फवाऱ्यावर ठेवा, धार नको. तेवढंच पाणी लहान थेंबांत वाटलं की हवेला घासणारा एकूण पृष्ठभाग वाढतो. थेंबाचा व्यास निम्मा केला तर दुप्पट होतो. बारीक भोकांचा शॉवर पडद्याला जास्त आत आणतो, त्याचं कारण हेच.

घरचा उपाय

वर्गातल्या हिशेबातूनच उपाय निघाला. पडद्याचं वजन त्याच्या मध्यावर काम करतं, म्हणजे ३२० ग्रॅमचा पडदा तळाशी लावलेल्या १६० ग्रॅमच्या वजनासारखा वागतो. तळाशी आणखी ३०० ग्रॅम लावले तर ते ४६० होतात, जवळजवळ तिप्पट. तेवढ्याच दाबाला पडदा मग एक टाइल येण्याऐवजी तिसरा हिस्सा, दहा सेंटीमीटर यायला हवा. खालची दुमड उसवून त्यात ५५ गोट्या भरल्या, दर पाच गोट्यांनंतर एक टाका घातला म्हणजे सगळ्या एका कोपऱ्यात जमणार नाहीत. गरम पाण्याला पडदा आता बारा सेंटीमीटर येतो. स्टूल पंधरावर आहे. हिशेब आणि टाइल यांत दोनच सेंटीमीटरचा फरक, मला फारच बरं वाटलं. पडदा सरकवताना खळखळाट होतो, त्याची तक्रार वेगळी.

बाजारात मिळणाऱ्या तळाशी चुंबक असलेल्या पडद्यांवर पैसे घालवू नका. ते लोखंडी टबाला चिकटण्यासाठी असतात, आपल्या टाइल्सना ते काय चिकटणार?

गोट्या नको असतील तर पंपाचा दाब कमी करा, किंवा मोठ्या भोकांचा शॉवर लावा. पडदा शॉवरपासून लांबच्या टोकाला वीतभर उघडा ठेवला तरी फरक पडतो, कारण आत-बाहेरचा दाब तिथून थोडाफार बरोबर होतो. पाणी थोडं बाहेर उडतं, ते पुसा.

एक उपाय मात्र करू नका. 'हवाच आत येऊ द्यायची नाही' म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्या बंद करायच्या, असं शेजारच्या काकांनी सुचवलं होतं. त्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. पडदा चिकटला तर चिकटू दे, पण गॅस गीझर असलेल्या बाथरूमची खिडकी उघडीच हवी. खरं तर तो गीझरच बाथरूमच्या बाहेर हवा.

आणि एकदा अंगाला लागलेला पडदा सुटत का नाही, तर त्याचा दाबाशी संबंध नाही. ओल्या अंगावर आणि ओल्या प्लॅस्टिकमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तो दोघांना धरून ठेवतो, दोन ओल्या काचा चिकटतात तसं. म्हणून पहिला स्पर्श टाळणं एवढंच आपल्या हातात आहे.

उलटी केस

शनिवारनंतर मुलांना घरी मोजून यायला सांगितलं होतं. बहुतेकांकडे पडदाच नव्हता, त्यांनी बादलीतला खळगा मोजून आणला. ज्या मुलीने टेबलफॅनचा प्रश्न विचारला होता, तिच्याकडे पडदा आहे. ती सोमवारी येऊन म्हणाली, "मॅडम, आमचा पडदा बाहेर जातो. गरम पाण्यालाही."

मी पहिला प्रश्न विचारला, "एग्झॉस्ट फॅन कुठे आहे?"

"कमोडच्या वर."

"आणि खिडकी?"

"शॉवरच्या बाजूला."

फॅन पडद्याच्या बाहेरच्या बाजूची हवा खेचत होता आणि खिडकीतून येणारी हवा आतून पडद्याला बाहेर ढकलत होती. भोवरा आणि धुराडं दोघांवर मिळून फॅन भारी पडत होता. फॅन बंद करून पुन्हा बघ म्हटलं. मंगळवारी तिने वही दाखवली: फॅन चालू, पाऊण टाइल बाहेर. फॅन बंद, अर्ध्या टाइलला थोडं कमी, आत.